शब्द शोधला गेला की नुसता समोर आला? : यूट्यूबवरील प्रेक्षकांचे तीन मार्ग आणि शीर्षकबदलाची परीक्षा

बोलीतील एखादा शब्द लोकव्यवहारात कितपत जिवंत आहे हे अजमावण्याची जी नवी साधने अलीकडे अभ्यासकाच्या हाती आली आहेत, त्यांत यूट्यूबवरील चित्रफितींच्या आकडेवारीचा समावेश करावा लागेल. चित्रफितीच्या शीर्षकात प्रमाणभाषेतील शब्द काढून त्या जागी बोलीतील शब्द घातला, आणि त्यानंतर ती चित्रफीत पाहणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली, तर बोलीच्या शब्दाने काम केले असा निष्कर्ष काढण्याचा मोह साहजिकच होतो. प्रबंधासाठी असा पुरावा आकर्षकही वाटतो, कारण त्यात आकडे असतात. परंतु हा पुरावा जसा दिसतो तसा तो नाही. संख्या वाढली एवढेच त्यावरून कळते. ती शब्दामुळे वाढली की नाही, हे प्रेक्षक कोणत्या वाटेने आला हे पाहिल्याखेरीज सांगता येत नाही. ही वाट ओळखावी कशी आणि तीवरून कोणता निष्कर्ष काढणे रास्त ठरेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण आणि एक शब्द आपण समोर ठेवू. वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे गाव सोयाबीन, तूर आणि हरभरा पिकविणाऱ्या टापूत वसले आहे. मळणीनंतर सोयाबीनचा जो शेंगांच्या टरफलांचा व काडीचा चुरा उरतो, त्याला वऱ्हाडात कुटार म्हणतात. अन्यत्र त्यालाच भूस, भुसा किंवा भुसकट असे म्हटले जाते. आता असे समजू या की, शेलूबाजारच्या परिसरातील एका शेतकऱ्याने गुरांना हा चारा कसा द्यावा हे सांगणारी चित्रफीत प्रसिद्ध केली असून, तिचे मूळ शीर्षक ‘सोयाबीनचा भुसा : गुरांसाठी चारा’ असे आहे. काही महिन्यांनी त्याने ते बदलून ‘सोयाबीनचे कुटार : गुरांसाठी चारा’ असे केले. हा शेतकरी आणि पुढे येणारे त्याचे आकडे पद्धती समजावण्यासाठी रचलेले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. मात्र ज्या यंत्रणेत हे आकडे बसविले आहेत, ती यंत्रणा प्रत्यक्षातील आहे.

१. तीन मार्ग

यूट्यूबच्या आकडेवारीत प्रेक्षक कोठून आला याची नोंद अनेक सदरांखाली केली जाते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांतील तीन महत्त्वाची आहेत. पडद्यावर त्यांची नावे `YouTube search`, `Suggested videos` आणि `Browse features` अशी दिसतात. सोयीसाठी येथे त्यांना अनुक्रमे शोधमार्ग, सूचनामार्ग आणि सहजदर्शनाचा मार्ग असे म्हणू.

शोधमार्गाने येणारा प्रेक्षक काही शब्द लिहून किंवा बोलून येतो. त्याच्या मनात प्रश्न असतो आणि तो प्रश्न त्याने स्वतःच्या शब्दांत मांडलेला असतो. सूचनामार्गाने येणारा प्रेक्षक दुसरी एखादी चित्रफीत पाहत असताना, तिच्या शेजारी किंवा तिच्यानंतर आपली चित्रफीत सुचविली गेल्यामुळे येतो. दुसऱ्या चित्रफितीच्या वर्णनात दिलेल्या दुव्यावरून आलेले प्रेक्षकही याच सदरात मोजले जातात. सहजदर्शनाच्या मार्गाने येणाऱ्याने काहीच विचारलेले नसते. त्याने यूट्यूबचे मुखपृष्ठ किंवा आपण वर्गणीदार असलेल्या वाहिन्यांची यादी उघडली आणि तेथे ही चित्रफीत त्याच्या दृष्टीस पडली, इतकेच.

या तिघांमधील भेद केवळ तांत्रिक नव्हे, तो भाषिक आहे. शोधमार्गात शब्द प्रेक्षकाकडून येतो आणि शीर्षकातील शब्दाशी त्याची गाठ पडते. उरलेल्या दोन मार्गांत शब्द केवळ आपल्याकडून जातो. प्रेक्षक तो वाचतो, आणि चित्रफीत उघडतो अथवा उघडीत नाही. सूचना व मुखपृष्ठ यांची मांडणी मुख्यतः त्या प्रेक्षकाने पूर्वी काय पाहिले आहे यावरून होते. म्हणजे पहिल्या मार्गावर शब्द वापरला जातो आणि बाकीच्या दोहोंवर तो समजला जातो अथवा आवडतो. ज्याला शब्दाच्या प्रचाराविषयी विधान करावयाचे आहे, त्याला पहिल्या मार्गाची साक्ष लागते. उरलेल्यांची साक्ष दुसऱ्याच एका प्रश्नाची असते.

यांखेरीज गावपातळीवर एक मार्ग मोठा असतो. व्हॉट्सॲपच्या गटात कोणी दुवा पाठविला की तेथून येणारे प्रेक्षक `External` या सदरात जातात. त्यांना शीर्षकातील शब्दाने नव्हे, पाठविणाऱ्या माणसाने आणलेले असते. म्हणून परीक्षेच्या आरंभीच ते बाजूला काढावेत.

२. दिसणे आणि निवडले जाणे

व्यवहारात ज्यांना व्ह्यूज म्हणतात, त्यांना आपण प्रेक्षणे म्हणू. प्रेक्षण होण्यापूर्वी आणखी एक गोष्ट घडावी लागते, ती म्हणजे चित्रफितीचे थंबनेल कोणाच्या तरी पडद्यावर दिसणे. यूट्यूब या दिसण्याची स्वतंत्र मोजणी करते. थंबनेलचा निम्मा तरी भाग एका सेकंदाहून अधिक काळ पडद्यावर राहिला, तर एक दर्शन धरले जाते. दर शंभर दर्शनांमागे किती जणांनी चित्रफीत उघडली, ते निवडीचे प्रमाण. बाहेरील संकेतस्थळांवरची, संदेशांतली किंवा चित्रफितीच्या अखेरीस झळकणाऱ्या चौकटींतली दर्शने या मोजणीत येत नाहीत. त्यामुळे दर्शनांवरून निघणारी प्रेक्षणे एकूण प्रेक्षणांपेक्षा कमीच भरतात.

शोधमार्गावर या दोन मोजण्या शब्दाची दोन निरनिराळी कामे दाखवितात. नव्या शब्दाने दर्शने वाढली, तर आपली चित्रफीत पूर्वी ज्या शोधांत दिसत नव्हती त्यांत ती दिसू लागली, म्हणजेच शब्द सापडण्याच्या कामी आला. निवडीचे प्रमाण वाढले, तर यादीत शेजारी असलेल्या इतर शीर्षकांपेक्षा हे शीर्षक शोधणाऱ्यास आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचे वाटले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतीलच असे नाही, आणि त्यांतील एक घडली म्हणून दुसरी घडली असे धरू नये.

३. एकूण आकडा कसा फसवितो

शीर्षक बदलण्यापूर्वीचे २८ दिवस आणि बदलल्यानंतरचे २८ दिवस आपण तुलनेसाठी घेऊ. २८ हा आकडा अशासाठी की, त्यात पूर्ण चार आठवडे येतात आणि रविवार, आठवडी बाजाराचा दिवस इत्यादींचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखाच राहतो. आपल्या कल्पित चित्रफितीचे आकडे असे आहेत :

| मार्ग | आधी : दर्शने | निवड | प्रेक्षणे | नंतर : दर्शने | निवड | प्रेक्षणे |
|---|---|---|---|---|---|---|
| शोध | १,००० | ८% | ८० | १,५०० | ९% | १३५ |
| सूचना | २,००० | ४% | ८० | २,५०० | ४% | १०० |
| सहजदर्शन | १,००० | २% | २० | ८,००० | २.२% | १७६ |
| एकूण | ४,००० | ४.५% | १८० | १२,००० | ३.४% | ४११ |

शेवटची ओळ तेवढी पाहणाऱ्यास येथे दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष काढता येतात. एकजण म्हणेल की प्रेक्षणे १८० वरून ४११ झाली, म्हणजे शब्द यशस्वी झाला. दुसरा म्हणेल की निवडीचे प्रमाण साडेचारांवरून ३.४ वर उतरले, म्हणजे नवे शीर्षक लोकांना रुचले नाही आणि जुने परत आणावे. दोघांचेही आकडे खरे आहेत, पण दोघांचेही अनुमान चुकीचे आहे.

दुसऱ्याची चूक आधी पाहू. कोष्टकाच्या वरच्या तीन ओळींत निवडीचे प्रमाण कोठेही घटलेले नाही. दोन मार्गांवर ते किंचित वाढले असून एका मार्गावर तितकेच राहिले आहे. तरीही एकूण प्रमाण घटले, याचे कारण दर्शनांचे मिश्रण पालटले. पूर्वी चार दर्शनांपैकी एक सहजदर्शनाचे होते, आता तिनांपैकी दोन सहजदर्शनाची आहेत; आणि ज्याने काही विचारलेलेच नाही असा माणूस चित्रफीत क्वचितच उघडीत असल्याने त्या मार्गाचे प्रमाण मुळातच कमी असते. संख्याशास्त्रात सिम्पसनचा विरोधाभास म्हणून जो प्रकार प्रसिद्ध आहे, त्याचेच हे उदाहरण होय. यूट्यूबच्या साहाय्यपृष्ठांवर निम्म्या वाहिन्यांचे व चित्रफितींचे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते असे सांगितले आहे. इतका मोठा पल्ला असण्यामागे हेही एक कारण आहे की निरनिराळ्या चित्रफितींत मार्गांचे मिश्रण निरनिराळे असते. म्हणून एकाचे एकूण प्रमाण दुसऱ्याच्या एकूण प्रमाणाशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही.

पहिल्याची चूक अधिक सूक्ष्म आहे. वाढलेली प्रेक्षणे २३१. त्यांपैकी १५६, म्हणजे दोन-तृतीयांशांहून अधिक, सहजदर्शनाची आहेत. शोधमार्गाने आलेली वाढ फक्त ५५ ची आहे. शब्दाच्या परीक्षेसाठी आपल्या हाती येणारी सामग्री एवढीच. परंतु हे ५५ सुद्धा सगळेच्या सगळे शब्दाचे नव्हेत.

४. हंगामाची वजाबाकी

वऱ्हाडात सोयाबीनची कापणी व मळणी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत जोरात असते. कुटार हाती येते ते याच सुमारास, आणि त्याविषयीचे प्रश्नही याच सुमारास विचारले जातात. आपल्या शेतकऱ्याने शीर्षक सप्टेंबरच्या अखेरीस बदलले असेल, तर नंतरच्या २८ दिवसांत शोध वाढणारच, शीर्षक कोणतेही असो. शेतीविषयक चित्रफितींच्या बाबतीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची नुसती तुलना जवळजवळ नेहमीच अपुरी पडते ती यामुळे.

यावर उपाय असा की, ज्या चित्रफितीचे शीर्षक मुळीच बदललेले नाही, पण जिचा विषय त्याच हंगामाशी बांधलेला आहे, अशी एक जोडीदार चित्रफीत निवडावी. समजा, त्याच वाहिनीवर सोयाबीनच्या मळणीविषयी एक जुनी चित्रफीत आहे, आणि त्याच दोन कालखंडांत तिची शोधमार्गाची प्रेक्षणे १०० वरून १२५ झाली. हंगामाने शोधात चतुर्थांशाची वाढ केली, असा याचा अर्थ. मग आपल्या चित्रफितीची शोधप्रेक्षणे शीर्षक न बदलताही ८० वरून १०० झाली असती. प्रत्यक्षात ती १३५ झाली. तेव्हा नव्या शीर्षकाच्या खाती जमा करता येण्याजोगी वाढ ३५ ची.

हे अनुमान दुसऱ्या एका वाटेने पडताळून पाहता येते, आणि भाषेच्या अभ्यासकास तीच वाट अधिक मोलाची वाटावी. शोधमार्गाच्या सदरावर गेले असता प्रेक्षकांनी कोणते शब्द लिहिले त्यांची यादी मिळते. आपल्या उदाहरणात त्या यादीचे दोन गट करू. ज्या शोधांत ‘कुटार’ हा शब्द कोणत्या ना कोणत्या रूपात आहे, त्यांतून आधी १० आणि नंतर ४८ प्रेक्षणे मिळाली. बाकीच्या, म्हणजे ‘सोयाबीन चारा’, ‘गुरांचा चारा’ इत्यादी शोधांतून आधी ७० आणि नंतर ८७. हंगामाची चतुर्थांश वाढ दुसऱ्या गटास लावली तर ७० चे साडेसत्याऐंशी होतात, म्हणजे तेथे घडले ते सर्व हंगामाने घडले. पहिल्या गटास तीच वाढ लावली तर १० चे साडेबारा व्हावयास हवेत, झाले ४८. जादा वाढ सुमारे ३५. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आले, आणि वाढ नेमकी जेथे यावयास हवी होती तेथेच, म्हणजे बदललेल्या शब्दाच्याच शोधांत, आली. २३१ च्या वाढीतून शब्दाच्या पदरात पडलेले माप हे एवढे आहे. ते लहान आहे, परंतु ते त्याचे स्वतःचे आहे.

लहान आकड्यांच्या बाबतीत एक ठोकताळा उपयोगी पडतो. अशा मोजणीत केवळ योगायोगाने होणारा चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाइतका असू शकतो. साडेबाराचे वर्गमूळ सुमारे साडेतीन; ४८ हा आकडा त्याच्या कितीतरी पलीकडचा असल्याने तो योगायोगाचा म्हणता येणार नाही. उलट १० चे १४ झाले असते, तर त्यावरून काहीही सिद्ध झाले नसते.

५. शोधशब्दांची यादी कशी वाचावी

ही यादी स्टुडिओच्या पडद्यावर पाहता येते, किंवा आकडेवारीच्या सेवेकडे पुढीलप्रमाणे विचारणा करून मिळविता येते :

```
ids=channel==MINE
startDate=2025-09-28
endDate=2025-10-25
metrics=views
dimensions=insightTrafficSourceDetail
filters=video==VIDEO_ID;insightTrafficSourceType==YT_SEARCH
sort=-views
maxResults=25
```

यात `VIDEO_ID` च्या जागी चित्रफितीचा क्रमांक घालावयाचा असतो. एका वेळी २५ च नोंदी मिळतात. त्यामुळे एकेकदा आलेले विरळ शोध यादीबाहेर राहतात, आणि बोलीचे विविध रूपभेद पुष्कळदा तेथेच असतात. यादीतील बेरीज शोधमार्गाच्या एकूण बेरजेपेक्षा कमी भरते ती यामुळे. वरच्या उदाहरणात आपण यादी पूर्ण मिळाली असे धरले आहे. प्रत्यक्षात न मिळालेला भाग किती, हे निष्कर्षासोबत नमूद करावे.

यादी वाचताना लेखनभेद एकत्र करावे लागतात. ‘कुटार’ हा शब्द देवनागरीत येईल, तसाच रोमन लिपीत `kutar` किंवा `kutaar` असाही येईल. हे सर्व एकाच शब्दाचे लेखन आहे असे आपण म्हणतो, यंत्र त्यांच्या वेगळ्या ओळी लावते. येथे दोन सावधगिऱ्या हव्यात. बोलून केलेल्या शोधाचे लिप्यंतर यंत्रच करते, म्हणून देवनागरी ओळींच्या संख्येवरून लोक देवनागरीत लिहू लागले असे म्हणता येत नाही. तसेच पहिली दोन अक्षरे लिहिताच पुढे दिसणाऱ्या तयार सूचनांपैकी एक निवडण्याची सवय सर्वत्र असल्यामुळे, यादीतील वाक्यरचना प्रेक्षकाची स्वतःची असेलच असे नाही. शब्दाचा पुरावा म्हणून यादी बरी, शब्दक्रमाचा पुरावा म्हणून ती दुबळी.

गावाचे नाव शीर्षकात घातले असता हाच प्रश्न अधिक बिकट होतो. शेलूबाजार हे नाव ‘शेलुबाजार’, ‘शेलू बाजार’, `shelubazar`, `shelu bazar` अशा अनेक रूपांत लिहिले जाते. त्यातच नुसते ‘शेलू’ किंवा ‘सेलू’ म्हटले की परभणी जिल्ह्यातील सेलू, वर्धा जिल्ह्यातील सेलू आणि रायगड जिल्ह्यात कर्जतजवळचे शेलू ही गावेही पुढे येतात. परभणी आणि वर्धा येथली गावेही सोयाबीन व कापूस पिकविणाऱ्या भागांतच असल्यामुळे, `selu soyabean` असे लिहिणारा माणूस कोणत्या जिल्ह्यातला आहे हे शब्दावरून ओळखणे अशक्य आहे. अशी चित्रफीत परगावच्या शोधांत दिसू लागते. दर्शने वाढतात, पण निवडीचे प्रमाण पडते, आणि ज्यांनी उघडली तेही थोड्याच वेळात निघून जातात. शोधमार्गाची सरासरी पाहण्याची वेळ खाली येणे ही या दोषाची खूण. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेलूबाजार हे नाव त्या रस्त्यावरील प्रवाशांच्याही परिचयाचे झाले. तेव्हा आज ते नाव शोधणारा शेतकरीच असेल असे गृहीत धरणे बरोबर होणार नाही. यादीत नावाच्या जोडीला दुसरा शब्द कोणता आला आहे, यावरूनच शोधणाऱ्याचा हेतू ओळखावा लागतो.

असे रूपभेद टॅगांत भरून ठेवण्याची पद्धत आहे. परंतु विषयाचे नाव लोक नेहमी चुकीचे लिहीत असतील तेवढ्यापुरतेच टॅग उपयोगी पडतात, एरवी चित्रफीत सापडण्यात त्यांचा वाटा अत्यल्प असतो, असे यूट्यूबनेच सांगून ठेवले आहे. टॅग बदलल्यावर मुखपृष्ठावरील प्रेक्षणे वाढली, तर त्या दोहोंचा संबंध जोडण्यास जवळजवळ आधारच नसतो.

६. उरलेल्या दोन मार्गांची साक्ष

मग सहजदर्शनातील १५६ ची वाढ कोठून आली? शीर्षकाचा तिच्यात काहीच हात नाही, असेही म्हणता येणार नाही. शोधून आलेल्या प्रेक्षकांनी चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली, तर त्यांच्यासारखी आवड असलेल्या इतरांच्या मुखपृष्ठावर ती मांडली जाण्याचा संभव वाढतो. अशा वेळी एक क्रम दिसावयास हवा : आधी शोधमार्ग चढतो, आणि काही दिवसांनी सूचना व सहजदर्शन. रोजच्या आकड्यांचा आलेख मार्गवार काढला असता सहजदर्शनाचा चढ शोधाच्या आधीच किंवा शीर्षकबदलाच्याही आधीच सुरू झालेला आढळला, तर ते श्रेय शब्दाला देता येणार नाही. क्रम योग्य दिसला, तर संबंध संभवनीय ठरतो. सिद्ध होत नाही.

सूचनामार्गाबाबत अधिक नेमके पाहता येते, कारण कोणत्या चित्रफितीशेजारून प्रेक्षक आला हे तेथे नोंदलेले असते. २० ची वाढ अनेक चित्रफितींत विखुरलेली असेल तर गोष्ट वेगळी. ती जर सगळी एकाच, नुकत्याच लोकप्रिय झालेल्या चित्रफितीकडून आली असेल, तर शेजाऱ्याच्या घरच्या लग्नाची गर्दी आपल्या अंगणात आली एवढाच तिचा अर्थ.

या दोन मार्गांवर शीर्षकाची परीक्षा करावयाची झाल्यास प्रेक्षणांची संख्या न पाहता त्या मार्गाचे निवडीचे प्रमाण पाहावे. आपल्या उदाहरणात सहजदर्शनाचे प्रमाण २ वरून २.२ झाले, म्हणजे तेथे शब्दाने फारसे काही केले नाही. सात हजार दर्शने वाढली ती यंत्रणेने वाढविली. मात्र दर्शने एकदम आठपट झाली असताना प्रमाण टिकून राहिले, याची नोंद अवश्य घ्यावी. अनोळखी प्रेक्षकांपुढे चित्रफीत मांडली की प्रमाण सहसा उतरते. ते उतरले नाही यावरून ‘कुटार’ हा शब्द मुखपृष्ठावरील प्रेक्षकांना किमान अडला नाही असे सावधपणे म्हणता येईल. शब्द समजणे आणि शब्द वापरणे यांतला भेद बोलीविज्ञानात आपण नेहमी करतोच. तोच भेद येथे दोन मार्गांच्या रूपाने उभा आहे.

७. प्रयोग करताना

असा प्रयोग करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, एका वेळी एकच बदल करावा. शीर्षकासोबत थंबनेलही बदलले, तर निवडीच्या प्रमाणातील फरक कोणाचा हे पुढे कोणालाही सांगता येणार नाही. दुसरी, दिवसाची सीमा ओळखावी. यूट्यूबच्या आकडेवारीतला दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील घड्याळाप्रमाणे चालतो, आणि तो भारतात दुपारी साडेबारा वाजता, त्यांच्या हिवाळी वेळेत दीड वाजता, सुरू होतो. सकाळी दहाला केलेला बदल कोष्टकात आदल्या तारखेस पडतो. म्हणून बदलाच्या आसपासचे दोन दिवस दोन्ही कालखंडांतून वगळणे श्रेयस्कर. तिसरी, शक्य झाल्यास हंगाम संपण्यापूर्वी जुने शीर्षक पुन्हा लावून पाहावे. ‘कुटार’चे शोध त्यानंतर पुन्हा घसरले आणि जोडीदार चित्रफितीचे शोध तसेच राहिले, तर आपला निष्कर्ष पुष्कळच बळकट होतो. ते पूर्वीच्या पातळीवर पूर्णपणे येतील अशी अपेक्षा मात्र धरू नये. मधल्या काळात त्या शोधातून येऊन ज्यांनी चित्रफीत पाहिली, त्यांची नोंद यंत्रणेजवळ राहिलेली असते.

आणि हे सर्व केल्यावरही निष्कर्षाची व्याप्ती मर्यादितच राहते. जो शोधतो, आणि शोधून आपल्या चित्रफितीपर्यंत पोहोचतो, त्याच्यापुरतेच हे आकडे बोलतात. घरातील वडीलधारे बोलताना ‘कुटार’ म्हणत असतील आणि त्यांचा नातू भ्रमणध्वनीवर ‘भुसा’ असे लिहीत असेल, तर या यादीत नातवाचा शब्द येईल, वडीलधाऱ्यांचा येणार नाही. शोधाच्या यादीत शब्द सापडला, तर तो वापरात आहे याचा तो पुरावा आहे. तो सापडला नाही, तर तो वापरातून गेला असा त्याचा अर्थ होत नाही. त्यासाठी शेलूबाजारला जाऊन खळ्यावरच्या माणसांशी बोलावे लागेल.